रिलीज नोट सोपी करताना या चुका टाळा

रिलीजच्या आधी डेव्हलपरकडून बदलांची यादी येते आणि तिची रिलीज नोट करायचं काम माझ्याकडे असतं. एकदा यादीत ही ओळ होती:

```
fix(export): prepend BOM to UTF-8 CSV output
```

डेव्हलपरसाठी ही ओळ अगदी योग्य आहे. कोणत्या भागात हात घातला आणि नेमकं काय केलं, ते एका ओळीत कळतं. पण ज्यांनी ग्राहकांची यादी एक्सपोर्ट करून एक्सेलमध्ये उघडली आणि नावांच्या जागी भलतीच अक्षरं पाहिली, त्यांना आपली अडचण सुटली हे यावरून कळणार नाही. ही एक ओळ धरून पुढे जाऊ, कारण बहुतेक चुका तिच्यातच दिसतात.

चूक: शब्दाच्या जागी शब्द ठेवणं

माझा पहिला मसुदा होता, ‘एक्सपोर्टच्या अक्षर-संकेतनात सुधारणा.’ इंग्रजी शब्द गेले, वाक्य मराठी झालं, तरी अर्थ होता तिथेच राहिला. वाक्याचा विषय अजूनही आमचा कोड होता. अवघड शब्दाला सोपा प्रतिशब्द शोधत बसलं की हेच होतं.

इथे शब्दकोश उघडण्यापेक्षा डेव्हलपरच्या शेजारी जाऊन बसावं आणि विचारावं, ‘हे दुरुस्त होण्याआधी वापरणाऱ्याला स्क्रीनवर काय दिसत होतं?’ मी विचारलं तेव्हा त्याने जुनी फाइल उघडून दाखवली. ‘राम’ या नावाच्या जागी `à¤°à¤¾à¤®` असं दिसत होतं. फाइल बिघडलेली नव्हती. विंडोजवर अशी सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली, की एक्सेल ती यूटीएफ-८ मध्ये आहे हे ओळखत नाही आणि जुन्या पद्धतीने वाचतं. त्यामुळे देवनागरीच्या एका अक्षराचे 3 बाइट 3 वेगळी अक्षरं म्हणून दिसतात. फाइलच्या सुरुवातीला `EF BB BF` हे 3 बाइट असले की एक्सेलला खूण पटते. बीओएम म्हणजे हीच खूण.

एवढं समजल्यावर नोट आपोआप सुचली:

> एक्सपोर्ट केलेली ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर इंग्रजी सोडून इतर लिपींतली नावं आता नीट वाचता येतील. आधी त्यांच्या जागी `à¤°à¤¾à¤®` अशी अक्षरं दिसत होती.

बिघडलेली अक्षरं मी मुद्दाम जशीच्या तशी ठेवली. ज्याने ती पाहिली आहेत त्याला हीच आपली अडचण हे एका नजरेत कळतं, आणि मदत-पानावर कुणी तीच अक्षरं पेस्ट करून शोधलं तर नोट सापडते.

चूक: एकाच वाचकाचा विचार करणं

वरची नोट एक्सेल वापरणाऱ्यांसाठी पुरेशी होती, पण तीच फाइल दुसरेही लोक वाचतात. काही ग्राहक रोज रात्री ती स्वतःच्या स्क्रिप्टने उचलून दुसऱ्या सिस्टिममध्ये भरतात. त्यांच्यासाठी ही दुरुस्ती नसून मोडतोड ठरू शकते. साध्या यूटीएफ-८ म्हणून वाचणाऱ्या प्रोग्रामला ते 3 बाइट पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटलेले मिळतात. नाव `customer_id` न राहता `\ufeffcustomer_id` होतं. ते जास्तीचं अक्षर डोळ्यांना दिसत नाही. स्क्रिप्ट मात्र `KeyError: 'customer_id'` म्हणून थांबते आणि फाइल उघडून पाहणाऱ्याला कॉलम तर समोर दिसत असतो. अशी चूक शोधण्यात एखाद्याचा अख्खा दिवस जातो.

म्हणून नोटमध्ये आणखी एक परिच्छेद आला. तो पहिल्यासारखा लिहून चाललं नसतं, कारण त्याचा वाचक प्रोग्राम लिहिणारा आहे:

> ही फाइल तुमचा प्रोग्राम वाचत असेल तर: फाइलच्या सुरुवातीला आता बीओएम (`EF BB BF`) असेल. पायथनमध्ये फाइल अशी उघडा. हा बदल अपडेटच्या आधी केला तरी चालेल.

```python
open("customers.csv", encoding="utf-8-sig", newline="")
```

`utf-8-sig` बीओएम असलेली आणि नसलेली, दोन्ही प्रकारच्या फाइली वाचतं. म्हणूनच ‘आधी केला तरी चालेल’ हे ठामपणे लिहिता आलं आणि ग्राहकाला रिलीजच्या मध्यरात्री जागं राहावं लागलं नाही. इथे ‘बीओएम’ हा शब्द काढून टाकणं चुकीचं ठरलं असतं. या वाचकाला तोच शब्द हवा असतो, तो त्याच शब्दाने शोधणार असतो. जार्गन आहे की नाही हे शब्द पाहून ठरत नाही, समोर कोण वाचतंय त्यावर ठरतं.

चूक: जुन्या फाइलींबद्दल गप्प राहणं

‘दुरुस्त केलं’ वाचल्यावर माणूस कालची फाइल उघडून पाहतो, तिथे तीच अक्षरं दिसतात आणि तो लिहितो, ‘दुरुस्ती चालत नाही.’ अपडेटनंतर असे प्रश्न येऊ लागले तर नोटमध्ये हे वाक्य राहिलंय असं समजावं: ‘आधी डाउनलोड केलेल्या फाइली बदलणार नाहीत. ती यादी पुन्हा एक्सपोर्ट करा.’ डेटा दोनदा नोंदला जाण्यासारख्या चुकीत तर हे फारच महत्त्वाचं. पुढच्या नोंदी दुहेरी होणार नाहीत, पण आधी झालेल्या तशाच पडून असतील, आणि त्या कुणी काढायच्या हे सांगायला हवं.

चूक: स्वतःला न कळलेलं सोपं करून लिहिणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे आणि तिचा त्रास ग्राहकांना झाला, म्हणून ती सविस्तर सांगतो. यादीत ओळ होती:

```
chore(auth): reduce refresh token TTL from 30d to 7d
```

मी लिहिलं, ‘7 दिवस अ‍ॅप वापरलं नाही, तर पुन्हा लॉगिन करावं लागेल.’ वाक्य स्वच्छ होतं, कुणालाही समजेल असं होतं, आणि चुकीचं होतं. आमच्या सिस्टिममध्ये 7 दिवस शेवटच्या वापरापासून मोजले जात नव्हते, लॉगिन केल्यापासून मोजले जात होते. रोज अ‍ॅप उघडणारी माणसंही आठव्या दिवशी बाहेर फेकली गेली. नोट वाचलेल्यांना तर आपलं खातं दुसऱ्या कुणी उघडलं की काय अशी भीती वाटली, कारण आम्हीच त्यांना सांगितलं होतं की रोज वापरणाऱ्याला काही होणार नाही.

रिफ्रेश टोकन म्हणजे तुम्हाला पुन्हा पासवर्ड न विचारता आत ठेवणारी, फोनमध्ये साठवलेली चावी. ती दोन तऱ्हांनी चालवता येते. एका तऱ्हेत प्रत्येक वापरावेळी नवी चावी मिळते आणि मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसरीत मुदत लॉगिनच्या क्षणी ठरते आणि कितीही वापरलं तरी पुढे सरकत नाही. मूळ ओळीत `7d` आहे, पण कुठून मोजायचे ते नाही. ज्याने कोड लिहिला त्याला ते ठाऊक असतं, म्हणून त्याला ओळ पूर्ण वाटते. मी ते न विचारता माझ्या अंदाजाने रिकामी जागा भरली.

तेव्हापासून वेळेशी संबंधित कोणतीही ओळ आली की मी एक माणूस डोळ्यांसमोर आणतो आणि त्याच्याबद्दल विचारतो. ‘सोमवारी लॉगिन करून रोज अ‍ॅप उघडणारी बाई पुढच्या मंगळवारी आत असेल का?’ आणि त्याला जोडून, ‘जी आज आधीच लॉगिन आहे, तिचं अपडेटच्या दिवशी काय होईल?’ दुसरा प्रश्नही तितकाच गरजेचा आहे, कारण काही सिस्टिममध्ये जुन्या चाव्या त्यांच्या 30 दिवसांपर्यंत चालतात आणि काहींमध्ये सगळे एकदम बाहेर पडतात. उत्तरं मिळाल्यावर नोट अशी झाली:

> लॉगिन केल्यापासून 7 दिवसांनी पुन्हा पासवर्ड विचारला जाईल, तुम्ही रोज अ‍ॅप वापरत असलात तरी. आधी ही मुदत 30 दिवस होती. फोन हरवला तर तुमचं खातं दुसऱ्याच्या हातात कमी काळ उघडं राहावं म्हणून हा बदल केला आहे. सध्या लॉगिन असलेल्यांना अपडेटनंतर एकदा लॉगिन करावं लागेल.

पहिल्या मसुद्यापेक्षा ही लांब आहे आणि तिच्यात ग्राहकाला न आवडणारी गोष्टही आहे. पण दुसऱ्या दिवशी त्याला जे दिसणार होतं तेच तिच्यात लिहिलं आहे.

चूक: ‘डेप्रिकेटेड’ला ‘बंद’ म्हणणं

डेव्हलपर ‘डेप्रिकेटेड’ म्हणतो तेव्हा ती गोष्ट आज चालू असते, फक्त पुढे काढली जाणार असते. ‘जुना अहवाल बंद केला’ असं लिहिलं की लोक घाबरून फोन करतात. ‘काढून टाकला’ याला यादीत वेगळा शब्द असतो, `removed`. डेप्रिकेटेडसाठी तीन गोष्टी लिहाव्यात: आज चालतंय, कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि त्याऐवजी काय वापरायचं. तारीख ठरलेली नसेल तर तसंच लिहावं. ‘लवकरच’ लिहू नये, त्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

चूक: सगळंच गाळून टाकणं

‘किरकोळ दुरुस्त्या आणि कामगिरीत सुधारणा’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या पदरी काहीच टाकत नाही. कधी कधी जागेची अडचण खरी असते, गूगल प्लेवर एका भाषेतल्या नोटला 500 अक्षरांचीच मर्यादा आहे. तिथे सगळ्यात जास्त लोकांना दिसणारा एक बदल आणि ज्यात ग्राहकाला काही करावं लागेल असे सगळे बदल, एवढेच ठेवावेत. बाकीचे मदत-पानावर जातील. ‘कामगिरी’ सुधारली असेल तर कोणती स्क्रीन आणि कुणासाठी हे लिहावं. मोठी यादी लवकर उघडत असेल, पण छोट्या यादीत फरक नसेल, तर तेही सांगावं.

सोपं करण्याच्या भरात बटणांची आणि मेनूंची नावंही बदलू नयेत. स्क्रीनवर `Export` लिहिलेलं असेल तर नोटमध्ये ‘निर्यात’ लिहिल्यावर माणूस ते बटण शोधत बसतो. एरर मेसेजही अक्षरशः तसाच द्यावा.

नोट झाल्यावर मी ती सपोर्टमधल्या सहकाऱ्याला देतो, मूळ यादी दाखवत नाही. मग विचारतो, ‘उद्या फोन आला तर काय सांगशील?’ बीओएमच्या नोटवर तिने विचारलं, ‘मॅकवाल्यांचं काय?’ मला उत्तर देता आलं नाही. मी डेव्हलपरकडे परत गेलो, आम्ही मॅकवर फाइल उघडून पाहिली, आणि मगच नोट बाहेर गेली.