लेहच्या शर्यतीत बेळगावचा वेग धरू नका: या चुका टाळा

"काय ओ, चोर्ला घाटात पळतोय की आम्ही, लेहला काय होतंय?" टिळकवाडीच्या सकाळच्या ग्रुपमध्ये हे हमखास ऐकू येतं. घाटानं मांड्या तयार होतात, पण हवा बदलत नाही. चोर्ल्याची उंची जवळपास बेळगावइतकीच, समुद्रसपाटीपासून साधारण 750 ते 800 मीटर. लेह 3500 मीटरवर आहे आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. श्वास तेवढाच घेतला तरी रक्तात प्राणवायू कमी जातो आणि लांब पल्ल्याचा वेग तिथंच पडतो.

पहिली चूक लेहचा वेग काढताना, हिशेबाच्या सुरुवातीलाच होते. दर हजार मीटरला शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता साधारण 6 ते 7 टक्के घटते. पण आपण शून्यावरून जात नाही. बेळगावच्या वेळेत इथल्या उंचीचा परिणाम आधीच धरलेला असतो. म्हणून 3500 मधून बेळगावचे 750 वजा करा. उरले 2750 मीटर, म्हणजे सुमारे 18 टक्के घट.

दुसरी चूक जास्त महागात पडते. समजा, तुम्ही बेळगावात हाफ मॅरेथॉन दोन तासांत पळता, म्हणजे किलोमीटरला 5:41. बहुतेक जण यात 18 टक्के मिळवून 6:42 काढतात. पण क्षमतेएवढीच घट वेगात धरायची असते, वेळेत नाही. 341 सेकंदांना 0.82 ने भागा, 416 सेकंद येतात, म्हणजे 6:56. किलोमीटरला 14 सेकंदांचा हा फरक शेवटी जवळपास पाच मिनिटांचा होतो. उत्तर सुमारे 2 तास 26 मिनिटं. आठ-दहा दिवस आधी पोचून शरीर रुळलं, तर घट 15 टक्क्यांच्या आसपास धरता येईल, 6:41. पूर्वीचा वेग मात्र परत येत नाही. आणि हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. सिंधूकाठाकडून लेह शहराकडे येताना चढ लागतो, त्याचा वेळ वेगळा धरा.

तिसरी चूक सुरुवातीच्या उतारावर होते. पाय ताजे असतात, थंडी असते, 6:20 सुद्धा सोपं वाटतं. बेळगावात जोरात पळून धाप लागली तर थोडं हळू केल्यावर दोन मिनिटांत श्वास जुळतो. लेहला तो लवकर जुळत नाही, मग चालावं लागतं. म्हणून पहिले पाच किलोमीटर 7:10 नेच काढा. घड्याळापेक्षा बोलण्यावर लक्ष ठेवा. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. चढावर दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर लगेच चाला, धाप वाढायची वाट बघू नका.

शर्यतीच्या सकाळी डोकं ठणकत असेल आणि मळमळ किंवा उलटी असेल, तर पळूच नका. त्रास वाढत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर लगेच खाली उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.