काढलेला गॉज उलटून बघा: जखमेचे टप्पे आणि ड्रेसिंगची निवड

हिमोस्टॅसिस, इन्फ्लमेशन, प्रोलिफरेशन, रिमॉडेलिंग. ही चार नावं तुम्हाला पाठ असणार, त्यामुळे व्याख्या लिहीत बसत नाही. दिवसांचा तक्ताही पाठ असेल: रक्त थांबायला काही मिनिटं, मग साधारण चार ते सहा दिवस दाह, चौथ्या दिवसाच्या आसपास सुरू होऊन तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालणारी वाढ आणि त्यानंतर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालणारं रिमॉडेलिंग. हा तक्ता खरा आहे, पण तो धडधाकट माणसाच्या, टाके घातलेल्या, स्वच्छ जखमेचा आहे. वॉर्डात तुमच्या वाट्याला येणारी जखम बहुतेक वेळा तशी नसते. मी नेमकी तिथेच आपटले.

दुसऱ्या वर्षाला सर्जिकल वॉर्डची पोस्टिंग होती. माझे पेशंट छप्पन वर्षांचे, उपनगरात रिक्षा चालवणारे काका. मधुमेह जुना, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. उजव्या पोटरीवर मोठं गळू झालं होतं, ते चिरून पू काढला होता आणि जखम उघडी ठेवली होती. नवव्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा लांबी सहा सेंटीमीटर, रुंदी चार, खोली दीड. तळ बराचसा लाल, पण खालच्या कोपऱ्यात पिवळसर चिकट थर. नववा दिवस म्हणजे प्रोलिफरेशन, असा हिशेब करून मी केअर प्लॅनमध्ये तसं लिहूनही टाकलं.

ड्रेसिंग होतं सलाईनमध्ये भिजवून पिळलेला गॉज, वर पॅड, वर बँडेज. दिवसातून एकदा, सकाळी आठच्या सुमारास. मुंबईच्या हवेत काही सुकत नाही असं आपण म्हणतो, पावसाळ्यात होस्टेलच्या दोरीवरचा युनिफॉर्म दोन-दोन दिवस ओला राहतो. पण काकांचा बेड बरोबर पंख्याखाली होता आणि जखमेला स्वतःची ऊब असते. चोवीस तासांत तो गॉज कडक होऊन तळाला चिकटायचा. वरून थोडं सलाईन टाकायचं आणि ओढायचं, असं मला एका सीनियरने शिकवलं होतं. "एका झटक्यात काढ, कमी दुखतं." काका बेडची कड घट्ट धरायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, आज जरा हळू." गॉज निघाला की तळावर रक्ताचे बारीक थेंब यायचे. मला बरं वाटायचं! रक्त येतंय म्हणजे पुरवठा चांगला, म्हणजे ग्रॅन्युलेशन छान. नोट्समध्ये मी पाच दिवस ओळीने तेच लिहिलं: तळ लाल, निरोगी, स्पर्शाने रक्त येते.

चौदाव्या दिवशी इनचार्ज सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी जखमेकडे पाहिलंच नाही. किडनी ट्रेमध्ये टाकलेला गॉज चिमट्याने उचलला, उलटला आणि माझ्यासमोर धरला. जाळीत गुलाबी, ओलसर कण अडकले होते. "हे बघ तुझं ग्रॅन्युलेशन. जखमेत नाही, गॉजवर आहे." मग माप घ्यायला लावलं. सहा बाय चार, खोली दीड. पाच दिवसांत जखम तिळभरही हलली नव्हती.

आता हे नीट समजून घ्या, कारण परीक्षेत टप्पे लिहिता येतात आणि वॉर्डात हाताने मोडले जातात. वाढीच्या टप्प्यात तळातून नव्या केशवाहिन्यांचे बारीक वळसे वर येतात, त्यांच्याभोवती फायब्रोब्लास्ट कोलॅजन घालत असतात. हे ऊतक कोवळं असतं. गॉजची वीण मोकळी असल्यामुळे ते तिच्या भोकांमध्ये शिरतं, आणि पाझरलेला स्राव सुकला की गोंदासारखं काम करतो. अशा वेळी ओढलेला गॉज वळसे तोडूनच बाहेर येतो. तुटलेली वाहिनी म्हणजे नवी इजा. तिथे पुन्हा प्लेटलेट येणार, गुठळी होणार, पहिल्या दिवसासारख्या न्यूट्रोफिल येणार, मग मॅक्रोफेज साफसफाई करणार आणि त्यानंतर कुठे वाढ सुरू होणार. ती सुरू होते न होते तोच दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी ट्रॉली घेऊन हजर. केअर प्लॅनमध्ये प्रोलिफरेशन लिहून मी काकांना रोज हिमोस्टॅसिसला परत नेत होते.

ओला गॉज सुकवून ओढणं ही पद्धत आकाशातून पडलेली नाही. मेलेलं ऊतक खरवडून काढण्यासाठी ती मुद्दाम वापरली गेली आहे. पण गॉजला मेलेलं आणि जिवंत यातला फरक कळत नाही, तो दोन्ही उपटतो. लाल तळावर तिचं काहीच काम नाही.

आणि "स्पर्शाने रक्त येते म्हणजे निरोगी" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. सर्जन मेलेला भाग कापत जातात तेव्हा खाली रक्त दिसलं की जिवंत ऊतक आलं असं समजतात. ती गोष्ट वेगळी. ड्रेसिंग बदलताना दिसणारं चांगलं ग्रॅन्युलेशन दाणेदार, ओलसर, लाल-गुलाबी असतं आणि हलक्या हाताने सहज रक्त सोडत नाही. हात लागताच भळभळणारा, फार गडद किंवा मळकट लाल, ठिसूळ तळ दिसला तर दोनच शंका घ्यायच्या: आपण तो ओरबाडतोय, नाहीतर संसर्ग सुरू होतोय. सोबत वाढतं दुखणं, पसरणारी लाली, ऊब, दुर्गंधी किंवा ताप असेल तर ड्रेसिंगचा विचार नंतर, आधी डॉक्टरांना कळवा.

काकांना ताप नव्हता, लाली पसरत नव्हती. म्हणजे उरले आम्हीच. त्या दिवशी सिस्टरनी पुढचा गॉज काढायची रीत दाखवली: सलाईन नुसतं शिंपडायचं नाही, गॉज चिंब करायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग कडेकडून सोडवत जायचं. अडला की पुन्हा सलाईन. दहा मिनिटं कुठून आणायची, सकाळी बारा ड्रेसिंग असतात, हे मलाही माहीत आहे. पहिल्याचा गॉज भिजत ठेवा आणि दुसऱ्याच्या नोट्स लिहा. जमतं.

खालच्या कोपऱ्यातला पिवळा थर स्लफ होता. तो सर्जननी काढला, विद्यार्थिनींनी कात्री लावायची नाही. साखर नियंत्रणासाठी इन्सुलिन सुरू झालं, कारण साखर चढलेली असली की न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत आणि दाह रेंगाळतो. हे झाल्याशिवाय कितीही महागडी शीट लावा, पैसे पाण्यात.

मग प्रश्न आला, काय लावायचं? इथे लाल-पिवळा-काळा असा रंगांचा तक्ता सगळ्यांच्या मोबाईलमध्ये फिरत असतो. मला तो आवडत नाही. रंग तळात काय आहे ते सांगतो, ड्रेसिंग ठरतं ते स्राव किती आहे यावर. जखम कोरडी असेल तर ओल द्या, फार पाझरत असेल तर शोषून घ्या, आणि दोन्ही वेळा तळ ओलसर राहू द्या. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमा पॉलिथिनच्या फिल्मखाली झाकून दाखवलं की हवेवर सुकू दिलेल्या जखमांपेक्षा त्यांच्यावर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरते. कारण साधं आहे: कडेच्या पेशींना ओल्या पृष्ठभागावरून सरकत जाता येतं, खपली असली तर तिच्याखालून वाट काढत जावं लागतं.

काकांचा पॅड दिवसभरात जवळजवळ पूर्ण भिजत होता आणि पोकळी होती, म्हणून अल्जिनेट. समुद्री शेवाळापासून केलेले हे तंतू स्रावातलं सोडियम घेऊन आपलं कॅल्शियम सोडतात आणि त्यांचं जेल बनतं, ते चिकटत नाही. पोकळीत सैल भरायचं, ठासायचं नाही. ठासलं तर दाबाने तळाचाच रक्तपुरवठा अडतो. आणि तुकडा जखमेच्या कडेबाहेर जाऊ द्यायचा नाही. माझा पहिला तुकडा बाहेर आला होता, दुसऱ्या दिवशी कडेची कातडी आंघोळीनंतरच्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली. त्याला मॅसरेशन म्हणतात आणि तिथून जखम रुंद होते. झिंकचं मलम लावून कड वाचवली.

तेविसाव्या दिवशी माप पाच बाय तीन, खोली जेमतेम अर्धा सेंटीमीटर, तळ पूर्ण लाल. त्या दिवशी अल्जिनेट जेल न होता कोरड्या तंतूंसारखंच निघालं. जखम आता तेवढी पाझरत नाही, याची ती खूण. पुढे तेच लावत राहिले असते तर पुन्हा चिकटण्याचा खेळ सुरू झाला असता. म्हणून फोमवर गेलो, बदल दोन-तीन दिवसांनी. खोली भरून आल्यावर आणि संसर्गाची एकही खूण नाही हे बघून शेवटी हायड्रोकोलॉइड. ते काढलं की खाली पिवळसर, वासाचं जेल असतं. काकांच्या बायकोने ते पाहिलं आणि "पू झाला!" म्हणून रडायलाच लागल्या. घाबरू नका, आणि आधीच सांगून ठेवा. सलाईनने धुवा, मग ठरवा. धुतल्यावरही वास आणि घट्ट स्राव राहिला तरच काळजी.

ओल चांगली, हे डोक्यात बसलं की दुसरी चूक होते, तीही सांगते. टाचेवर कोरडी, घट्ट, काळी खपली असेल, भोवती लाली नसेल, दाबल्यावर खाली पाणी हलल्यासारखं वाटत नसेल, तर तिला हायड्रोजेल लावून भिजवू नका. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर अजिबातच नाही. ती खपली तिथे झाकणाचं काम करते. कोरडी ठेवा, भार काढा, रोज बघा, आणि ती मऊ झाली किंवा कडेने ओल आली तर लगेच सांगा.

काकांची जखम आठव्या आठवड्यात बंद झाली. ओपीडीत आले तेव्हा त्यांना वाटलं, संपलं सगळं. वरून बंद झाली तरी आत कोलॅजनची मांडणी बदलत राहते, आणि बरी झालेली कातडी मूळ ताकदीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंतच पोहोचते, तीही काही महिन्यांनी. मी विचारलं, रिक्षात पोटरीला काही घासतं का? जरा विचार करून म्हणाले, सीटखालच्या पत्र्याची कड लागते. पुढच्या खेपेला आले तेव्हा त्या कडेवर त्यांनी जुन्या ट्यूबचं रबर चढवलं होतं आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून मला दाखवायला आणला होता.