मिहिर म्हणजे सूर्य, पण शब्द कुठला? नावाचं मूळ शोधायची रीत

मावसबहिणीच्या मुलाचं बारसं होतं. पत्रिका छापायला द्यायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. "दादा, नाव मिहिर ठेवतोय. सगळीकडे 'संस्कृत, अर्थ सूर्य' एवढंच लिहिलंय. पण सूर्यच का? सूर्याला मिहिर म्हणायचं कारण काय?"

प्रश्न बरोबर होता. कोणत्याही नावाबद्दल खरं तर तीन वेगळे प्रश्न असतात. आज त्याचा अर्थ काय, ते कोणत्या धातूपासून झालं, आणि तो शब्द मुळात कोणत्या भाषेत जन्मला? नावांच्या याद्या पहिल्याचं उत्तर देऊन थांबतात. उरलेल्या दोन प्रश्नांपर्यंत कसं जायचं, ते मिहिरच्याच वाटेनं पाहू.

आधी अक्षरं पक्की करा

इंग्रजी स्पेलिंगवरून शोध सुरू करू नका. ऱ्हस्व-दीर्घ, श-ष-स, त-ट, न-ण हे सगळे भेद तिथे पुसले जातात. Anish घ्या. 'अनिश' असेल तर अखंड, न थांबणारा. 'अनीश' असेल तर ज्याच्यावर कोणी ईश नाही असा, म्हणजे सर्वश्रेष्ठ. गंमत म्हणजे कोशात त्याचाच दुसरा अर्थ 'सत्ता नसलेला' असाही आहे. एका वेलांटीनं नाव बदलतं. म्हणून घरच्यांना देवनागरीत लिहायला सांगा आणि मगच पुढे जा. Mahir असं दिसलं तर ते 'माहिर' असू शकतं, आणि तो शब्द अरबी आहे, 'निष्णात' या अर्थाचा.

मग कोश उघडा, पण अर्थापाशी थांबू नका

हाताशी दोन कोश असावेत. एक वामन शिवराम आपट्यांचा, पुण्यात तयार झालेला, पहिली आवृत्ती 1890. दुसरा मोनिअर-विल्यम्सचा, 1899 चा. दोन्ही कोलोन विद्यापीठाच्या `sanskrit-lexicon.uni-koeln.de` या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.

तिथे नवख्या माणसाची पहिली ठेच ठरलेली. आपण `mihir` टाइप करतो आणि काही मिळत नाही. मराठीत शेवटचा 'अ' आपण गिळतो, संस्कृतात तो जिवंत असतो, त्यामुळे `mihira` लिहावं लागतं. दुसरी ठेच लिपीची. रोमन अक्षरांत लिहिण्याच्या तिथे एकाहून जास्त पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट्या जातात. हार्वर्ड-क्योटो पद्धतीत `z` म्हणजे श आणि `S` म्हणजे ष. एसएलपी-1 मध्ये नेमकं उलट. अनीश शोधताना काहीच सापडलं नाही, तर आधी निवडलेली पद्धत तपासा, नावाला दोष नंतर द्या.

नोंद सापडली की अर्थ वाचायचा मोह आवरा आणि आधी खुणा वाचा. मोनिअर-विल्यम्समध्ये अर्थापुढे ग्रंथांची लघुरूपं असतात. `RV.` म्हणजे ऋग्वेद, `MBh.` म्हणजे महाभारत. `L.` असेल तर तो अर्थ फक्त जुन्या कोशकारांनी दिला आहे, वाङ्मयात वापरलेला सापडलेला नाही. नावांच्या यादीतले चमत्कारिक अर्थ बरेचदा या `L.` मधूनच उचललेले असतात. मिहिरच्या नोंदीत सूर्य हा अर्थ ग्रंथांच्या आधारानं आहे. ढग, वारा, चंद्र हे अर्थ मात्र `L.` च्या पदरात. ऋग्वेदाचा उल्लेखच नाही. सूर्याची इतकी नावं ऋग्वेदात असताना हे नसावं, इथेच मला पहिला संशय येतो.

दोन व्युत्पत्ती मिळतील, त्यांची गल्लत करू नका

त्याच नोंदीत कंसात आणखी एक गोष्ट आहे. `Uṇ.` म्हणजे उणादिसूत्रांप्रमाणे हा शब्द 'मिह्' धातूपासून, पण `prob.` म्हणजे बहुधा फारसी 'मिह्र'वरून, असं कोशकार म्हणतो.

मिह् म्हणजे शिंपणं, ओलं करणं. मूत्र टाकणं हाही त्याचाच अर्थ, आणि आपल्या मधुमेहातला 'मेह' तिथलाच. (हे मी बहिणीला फोनवर सांगितलं आणि चूक केली.) त्याला किरच् प्रत्यय लागून मिहिर, ही परंपरेची वाट. उणादिसूत्रं मुळात अशाच शब्दांसाठी आहेत, जे पाणिनीच्या नेहमीच्या नियमांनी सुटत नाहीत. यास्काचार्यांनी तर निरुक्त या शब्दांची मूळं सांगणाऱ्या ग्रंथात दंडकच घातला आहे, "न त्वेव न निर्ब्रूयात्", म्हणजे निर्वचन केलं नाही असं होऊच द्यायचं नाही. त्यामुळे बाहेरून आलेल्या शब्दालाही संस्कृत धातू शोधून दिला जातो. ती लबाडी नाही, ती त्या शास्त्राची पद्धत आहे. पण तो इतिहास नव्हे.

ओळखायचं कसं? धातूचा अर्थ आणि शब्दाचा अर्थ जोडायला किती ओढाताण करावी लागते ते पाहा. 'शिंपणे'वरून सूर्यापर्यंत जायचं तर सूर्य पाणी शोषतो आणि मग पाऊस पाडतो, अशी आख्खी गोष्ट रचावी लागते. उलट 'भास्कर' पाहा. भास् म्हणजे प्रकाश, कर म्हणजे करणारा, आणि काम झालं. इतकं सरळ बसत नसेल तर घराबाहेर शोधायची वेळ आली.

शेजारच्या भाषेत जुळी भावंडं शोधा

एका शब्दाचं नुसतं साम्य पुरावा नसतं. तोच ध्वनिबदल आणखी दोन-चार शब्दांत दिसला तर मात्र तो पुरावा होतो. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेतला 'थ्र' मध्य फारसीत 'ह्र' होतो, आणि संस्कृतात त्या जागी 'त्र' असतो. आता मराठीतलेच शब्द घ्या. संस्कृत 'क्षत्र' म्हणजे सत्ता, आणि त्याचा इराणी भाऊ 'शह्र', आपलं शहर. 'चित्र' आणि त्याचा भाऊ 'चिह्र', ज्याच्यापासून आपला चेहरा आला. क्षत्र–शहर, चित्र–चेहरा या ओळीत तिसरी जागा भरा. 'मिह्र'समोर संस्कृतात काय येईल?

मित्र.

वेदातला मित्र आणि अवेस्तेतला मिथ्र हे एकाच जुन्या देवतेचे दोन वारस. मिथ्रचा मिह्र झाला, आणि तो शब्द भारतात परत येताना उच्चाराला सोपा व्हावा म्हणून मध्ये एक स्वर शिरून मिहिर झाला. शह्रचं आपण शहर केलं तसंच. म्हणजे मिहिर हा मित्राचा सख्खा चुलत भाऊ, परदेशात वाढून घरी आलेला. 'मेहेरबान'मधला मेहेर तोच, आणि अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादच्या मेहेरबाबांच्या नावातलाही तोच.

मूळ अर्थही इथेच सापडतो. मित्र या शब्दातला 'त्र' शस्त्र, वस्त्र, नेत्र यांतल्यासारखा साधन दाखवणारा आहे. अवेस्तेत 'मिथ्र' हे सामान्य नामही आहे, अर्थ करार, दिलेला शब्द. त्या शब्दाची राखण करणारा तो देव. त्याला हजार कान आणि दहा हजार डोळे आहेत, असं त्याच्या अवेस्तेतल्या स्तोत्रात म्हटलं आहे. ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही त्या देवाची पुढे सूर्याशी सांगड पडली. करार, कराराचा देव, सूर्य. बहिणीच्या 'सूर्यच का' या प्रश्नाचं उत्तर हे.

शेवटी तारखा आणि माणसं जुळतात का बघा

शब्द प्रवास करून आला असेल तर वाटेत खुणा हव्यात. इथे त्या भरपूर आहेत. कनिष्काच्या नाण्यांवर प्रभामंडळ असलेला एक देव आहे आणि शेजारी ग्रीक लिपीत नाव आहे, मीरो. हा तोच सूर्यदेव. पुढे सहाव्या शतकात हूण राजा मिहिरकुल आणि ज्योतिषी वराहमिहिर अशी नावं दिसतात. याच वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सूर्याची प्रतिष्ठापना 'मग' पुरोहितांनी करावी आणि मूर्तीला उत्तरेकडच्या लोकांचा वेष असावा, पायापासून छातीपर्यंत झाकलेला, असं सांगितलं आहे. मग म्हणजे इराणी परंपरेतले सूर्यपूजक. शब्द, देव, पुजारी आणि पेहराव सगळं एकाच दिशेनं येताना दिसतं. अशी साखळी मिळाली तर निर्धास्त लिहावं, नाही मिळाली तर 'बहुधा' हा शब्द ठेवावा.

म्हणून मिहिर संस्कृत नाही असं म्हणायचं का? तसं म्हणणं मला तरी हट्टी वाटतं. अमरकोशात सूर्याच्या नावांमध्ये तो शब्द आहे, "विकर्तनार्कमार्तण्डमिहिरारुणपूषणः", आणि लगेच पुढच्या ओळीत "द्युमणिस्तरणिर्मित्रः". दोन्ही भाऊ एकाखाली एक बसलेत. सूर्यनमस्काराचा पहिला मंत्रही 'मित्राय नमः' हाच. मी बहिणीला लिहून दिलं ते असं: मिहिर, संस्कृतात रुळलेला मध्य इराणी शब्द, अर्थ सूर्य, मुळात करार राखणारा देव, वैदिक मित्राचा भाऊबंद. पत्रिकेवर तिनं फक्त 'सूर्य' छापलं.

दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. भावाला जोडी म्हणून 'मिहिका' सुचवणाऱ्या काकूंनी अर्थही सांगितला, "सूर्याचीच ती." पुन्हा कोश काढला. अमरकोशात त्याच वर्गात, पण हिमाच्या नावांमध्ये: "प्रालेयं मिहिका च". ऋग्वेदात वृत्र इंद्रावर सोडतो ते 'मिह्' म्हणजे धुकं. जो धातू मिहिरला ओढूनताणून लावला होता, तो इथे मात्र आपोआप बसला. भाऊ सूर्य आणि बहीण धुकं. नाव मिहिकाच ठेवलं.