छापील नकाशासाठी हिलशेड करताना या चुका टाळा

स्क्रीनवर हिलशेड, म्हणजे डोंगरउतारांवरच्या उजेड-सावलीचं चित्र, छान दिसतो आणि कागदावर आला की दोन तक्रारी हमखास येतात. एक, सगळा नकाशा मळकट करडा दिसतो. दोन, ज्या कड्यासाठी नकाशा काढला तोच त्यात हरवतो. दोन्हींची मुळं प्रकाशाची दिशा, सूर्याची उंची आणि उंचीचा ताण या तीन आकड्यांत असतात. हे आकडे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एकटा कुठलाच बदलून भागत नाही. उदाहरण हरिश्चंद्रगड ते भंडारदरा या पट्ट्याचं घेऊ. नकाशा ए-थ्री कागदावर, प्रमाण 1:1,00,000, म्हणजे साधारण 30 बाय 42 किलोमीटरचा मुलूख. उंचीची माहिती, म्हणजे डीईएम, एसआरटीएमच्या N19E073 या चौकटीतून.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दिशा न तपासता 315 अंश तशीच ठेवणं. वायव्येकडून, म्हणजे कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून येणारा प्रकाश ही नकाशांची जुनी रीत आहे आणि तिला कारण आहे. प्रकाश खालून आला की आपल्या डोळ्यांना दरी डोंगरासारखी आणि डोंगर दरीसारखा दिसतो. म्हणून सूर्य खरोखर जिथे असतो तिथे तो नकाशात ठेवून चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्याच्या आसपासचे काही आठवडे सोडले तर भर दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो. पण वायव्येचा प्रकाश सह्याद्रीच्या मुख्य भिंतीला नेमका गैरसोयीचा पडतो, कारण ती भिंत कोकणाकडे, पश्चिमेला तोंड करून उभी आहे.

आकड्यांत पाहा. सूर्याची उंची 45 अंश असेल तर हिलशेड काढणारा `gdaldem` सपाट जमिनीला 181 ही छटा देतो (1 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा). पश्चिमेकडे तोंड केलेल्या 50 अंशांच्या उताराला 315 च्या प्रकाशात मिळतात साधारण 214. म्हणजे शेकडो मीटर कोसळणारा कडा आणि वरचा घाटमाथा यांच्यात फक्त 33 छटांचा फरक, तोही उजळ बाजूला, जिथे कागदावर फरक जेमतेम कळतो. कोकणकडा सपाट दिसतो तो यामुळे. अशा वेळी उंचीचा ताण वाढवूनही काही हाती लागत नाही.

आता प्रकाश थेट उत्तरेकडून, 0 अंशांवरून टाका. तोच उतार 116 वर येतो आणि मध्यम करड्या रंगात स्पष्ट उठतो. 45 अंशांवरून, म्हणजे ईशान्येकडून टाकला तर 19 वर जातो, जवळजवळ काळा, आणि कड्याखालच्या घळी त्यात बुडतात. माझ्या मते या भागासाठी 350 ते 10 अंश हा पट्टा योग्य आहे. हरिश्चंद्रगडापासून पूर्वेकडे निघणाऱ्या बालाघाटच्या रांगेलाही तो मानवतो, कारण तिच्या दक्षिण उतारांवर छान सावली पडते. `-multidirectional` हा पर्याय इथे औषध नाही. त्यातले चार प्रकाश 225, 270, 315 आणि 360 अंशांवरून येतात, म्हणजे चारांपैकी तीन पश्चिमेच्या बाजूचे. भिंत पुन्हा उजळून निघते.

दुसरी चूक उंची ताणण्याची. `-z 2` किंवा `-z 3` घातलं की स्क्रीनवर डोंगर दमदार दिसतात, म्हणून हात तिकडे जातो. एक नियम लक्षात ठेवावा: प्रकाशाच्या बरोबर उलट बाजूचा उतार सूर्याच्या उंचीइतका झाला की तो पूर्ण काळा होतो. सूर्य 45 अंशांवर असेल तर 45 अंशांचा उतार काळा. पण दुप्पट ताण दिल्यावर 30 अंशांचा उतार हिशेबात 49 अंशांचा होतो. सह्याद्रीच्या कुशीत 30 अंशांचे उतार जागोजागी आहेत. ते सगळे काळे पडले की सोंडा, नाळा, झाडीतल्या घळी एकाच डागात मिसळतात. `-z 1` ला हाच उतार 67 वर राहतो, 1.5 ला 19 वर. 1:1,00,000 च्या नकाशाला 1 पुरतो. फार तर 1.2 करावा. त्यानेही काळे डाग दिसले तर ताण कमी करण्याऐवजी सूर्य 55 अंशांवर न्यावा. काळेपणाची मर्यादा तितकीच वर सरकते आणि सपाट जमीनही 209 पर्यंत उजळते.

(कोकणकड्याचा पुढे झुकलेला भाग कुठल्याच आकड्याने दिसणार नाही. डीईएममध्ये एका चौकोनाला एकच उंची असते, त्यामुळे पोटात गेलेला कडा त्यात मावतच नाही.)

नकाशा मळकट दिसण्याचं कारण सपाट जमिनीचे ते 181 आहेत. सरळ हिशेबाने तो सुमारे 29 टक्के काळा रंग झाला, आणि शाई कागदात पसरल्यामुळे छापताना तो आणखी गडद होतो. त्यावर उंचीचे रंग मल्टिप्लाय करून टाकले की हिरवा शेवाळी होतो आणि पिवळा मातकट. म्हणून हिलशेड तयार झाल्यावर त्याच्या छटा वर सरकवाव्या लागतात. पूर्ण क्रम असा:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 10 10 -r cubicspline -ot Float32 n19e073.tif dem10.tif
gdaldem hillshade dem10.tif hs.tif -az 0 -alt 45 -z 1 -compute_edges
gdal_translate -scale 1 200 90 255 hs.tif hs_print.tif
```

तिसऱ्या ओळीनंतर सपाट जमीन 239 होते, म्हणजे कागदावर हलकीशी छटा. कडा 185 च्या आसपास येतो आणि सर्वांत गडद सावली 90 वर थांबते. तिच्यावरून गावांची नावं आणि वाटा वाचता येतात.

पहिल्या ओळीत तीन चुका टळतात. मूळ डीईएम अंशांत असतो आणि उंची मीटरमध्ये. तो तसाच वापरला तर जुन्या आवृत्त्यांत चुरगळलेल्या कागदासारखं चित्र येतं. `-s 111120` ने ते सावरतं, पण 19 अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतरात 6 टक्क्यांची चूक उरते, म्हणून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएममध्ये नेलेलं बरं. `-r` दिला नाही तर जवळच्या चौकोनाची उंची जशीच्या तशी उचलली जाते आणि हिलशेडवर जाळीसारख्या रेषा उमटतात. आणि 30 मीटरचा चौकोन या प्रमाणात 0.3 मिलिमीटरचा होतो, जो कागदावर डोळ्यांना दिसतो. 10 मीटरवर आणल्याने नवा तपशील मिळत नाही, फक्त चौकोनांच्या कडा गुळगुळीत होतात. हे काम डीईएमवरच करावं. हिलशेड तयार झाल्यावर मोठा केला तर तो नुसता धूसर होतो.

सगळं बरोबर झालं का, हे पाहायला क्यूजीआयएसमध्ये `hs.tif` उघडून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या मध्यावर आयडेंटिफाय करा. 181 आले पाहिजेत. नाही आले तर सूर्याची उंची वेगळी दिली गेली आहे किंवा पाण्याची पातळी डीईएममध्ये सपाट नाही. एकक चुकलं असेल तर मात्र हे पाणी सांगणार नाही, कारण सपाट जागी ताणाचा परिणाम शून्य असतो. त्यासाठी शेजारचे डोंगरउतार पाहावे लागतात. तिथे जवळपास निम्मे उतार 1 वर असले आणि 181 च्या वर एकही आकडा सापडला नाही तर पहिल्या ओळीकडे परत जा.

अख्ख्या महाराष्ट्राचा 1:10,00,000 चा नकाशा असेल तर मात्र ताणाचा हिशेब उलटा होतो. तिथे डीईएम आधी 250 ते 500 मीटरपर्यंत सरासरीने मऊ करावा लागतो, त्यात उतार मंदावतात, आणि 2 ते 4 चा ताण तिथे खरंच लागतो.