बूथमध्ये बसून वैद्यकीय भाषण मराठीत सांगताना

इंग्रजी भाषण चालू असतानाच ते मराठीत सांगणारा दुभाषा बहुधा आकड्यांपाशी अडखळतो. याचे मूळ आपल्या मोजणीत आहे. इंग्रजीत दशक आधी येते, मराठीत एकक. ‘सेव्हन्टी’ ऐकून काहीच बोलता येत नाही. पुढे ‘वन’ आले तर एक्काहत्तर, ‘थ्री’ आले तर त्र्याहत्तर, आणि ‘नाइन’ आले तर एकोणऐंशी, म्हणजे शब्दातले दशकच पुढचे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेली हार्ट फेल्युअरवरची डापा-एचएफ चाचणी घ्या. २,३७३ रुग्णांना डॅपाग्लिफ्लोझिन दिले, २,३७१ जणांना नुसती दिसायला तशीच गोळी. आजार बळावणे किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, हे पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात २१.२ टक्के. वक्ता हे एका दमात सांगून मोकळा होतो.

१. आदल्या दिवशी स्लाइड मागून घ्या. औषधाचे नाव जीभ वळेपर्यंत मोठ्याने म्हणा. हार्ट फेल्युअरला ‘हृदय बंद पडणे’ म्हणू नका. इथे हृदय चालू असते, पण रक्त ढकलण्यात कमी पडते. श्रोते डॉक्टर असतील तर इंग्रजी शब्दच ठेवा.

२. बूथमध्ये दोघे बसा आणि २०-३० मिनिटांनी पाळी बदला. ज्याची पाळी नाही त्याने प्रत्येक आकडा अंकांत, मोजमापाच्या एककासह लिहून समोर धरावा. अंकांत लिहिलेले ७१ पाहताच ‘एक्काहत्तर’ तोंडात येते.

३. एरवी वक्त्याच्या काही शब्द मागे राहा, म्हणजे क्रियापद हाती लागते. आकड्यांची चाहूल लागली की चालू वाक्य आवरते घ्या, अंतर कमी करा, आकडा लगेच सांगा आणि वाक्य त्याच्याभोवती जुळवा. दशांश सुटे वाचावेत: हॅझार्ड रेशो, म्हणजे दोन गटांतल्या धोक्याचे गुणोत्तर, ०.७४ असेल तर ‘शून्य पॉइंट सात चार’.

४. वक्ता कागदावरून वाचू लागला की वेग हाताबाहेर जातो. तेव्हा आभार, पुनरुक्ती आणि विनोद सोडा. रुग्णसंख्या ‘सुमारे ४,७००’ चालेल. १० मिलिग्रॅमचा डोस मात्र तसाच हवा. नकार आणि एकक कधीही गाळू नका: मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम झाले तर डोस हजारपट होतो. इथली नेहमीची चूक टक्क्यांची. वरच्या चाचणीत धोका २६ टक्क्यांनी घटला हे सापेक्ष, म्हणजे दुसऱ्या गटाच्या तुलनेत. प्रत्यक्ष फरक २१.२ वजा १६.३, म्हणजे ४.९ टक्के बिंदूंचा. वक्ता यातले जे सांगेल तेच सांगा, स्वतः हिशेब करू नका.

५. अनोळखी शब्द स्पष्ट ऐकू आला तर जसाच्या तसा उच्चारा. निसटला तर ‘हे औषध’ म्हणून पडद्याकडे पाहा. रक्तदाबाच्या शब्दात ‘हायपो’ की ‘हायपर’, म्हणजे कमी की जास्त, हे कळले नसेल तर ‘रक्तदाबाची तक्रार’ म्हणा आणि पुढच्या वाक्याने उलगडा झाला की नेमके सांगा.

चूक झालीच तर वक्ता थांबताच ‘दुभाषाची दुरुस्ती: ५० नव्हे, १५’ असे म्हणा. तुम्ही वक्त्याच्या वतीने ‘मी’ म्हणून बोलत असता. ‘दुभाषाची’ हा शब्द गाळला तर श्रोत्यांना वक्ताच चुकला असे वाटेल.