मुंबईचा फ्लॅट, बेळगावचे वारस: पुनर्विकासात या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी इकडच्या कितीतरी घरांचा एक फ्लॅट मुंबईत असतो. वडील नोकरीला गेले, सोसायटीत घर घेतलं, निवृत्त होऊन गावी परतले आणि वारले. फ्लॅट मात्र त्यांच्याच नावावर राहिला. मग इमारत पुनर्विकासाला जाते आणि भावाभावांत जुंपते. मी मुलुंडच्या एका सोसायटीत सेक्रेटरी होतो, आता बेळगावच्या टिळकवाडीत असतो. लोक फायली घेऊन येतात, आणि चुका इतक्या त्याच त्या असतात की पिशवीतून फाईल निघायच्या आधीच अंदाज येतो.

'आमची सही नाही, तर इमारत पडेलच कशी?'

पडते. विकासकाशी करार सोसायटी करते, एकेक वारस नाही. महाराष्ट्र सरकारच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांप्रमाणे विशेष सभेला दोन-तृतीयांश सभासद लागतात आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची मंजुरी लागते. ती रीतसर मिळाली की उरलेल्यांवरही ठराव बंधनकारक होतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये गिरीश मेहता विरुद्ध महेश मेहता या प्रकरणात हेच सांगितलं: सोसायटीचा सभासद झालात की तिच्या निर्णयाबाहेर तुमचा वेगळा हक्क चालत नाही. जिथे खुद्द सभासदाचं अडून बसणं चालत नाही, तिथे त्याच्या वारसाचं काय चालणार?

खानापूर तालुक्यातलं एक कुटुंब आठवतं. मागे आई, दोन मुलगे आणि लग्न झालेली मुलगी. नॉमिनेशन थोरल्याच्या नावे, म्हणून सोसायटीने त्याला तात्पुरता सभासद करून घेतलं. धाकट्याला वाटलं, दादा सगळंच गिळणार. फ्लॅट बंद होता, किल्ली धाकट्याकडे. त्याने कुलूप काढायला नकार दिला आणि सोसायटीला एक कडक पत्र धाडलं. बाकी सगळी इमारत रिकामी झाली, हा एक दरवाजा तेवढा बंद.

विकासक उच्च न्यायालयात गेला. लवाद कायद्याच्या कलम 9 खालचा अंतरिम आदेशाचा अर्ज, ताबा घेण्यासाठी कोर्ट रिसीव्हरची नेमणूक, पंचनामा, कुलूप तोडलं, ताबा विकासकाकडे. धाकटा आपला चौथा हिस्सा सांगत राहिला. त्याला उत्तर मिळालं की तो वाद दिवाणी कोर्टात मांडा, इमारत त्यासाठी थांबणार नाही. महिना 28,000 रुपये भाडं ठरलं होतं, चौघांना प्रत्येकी 7,000. ते कोर्टात जमा होत राहिलं. आईच्या औषधाला त्यातला रुपया मिळाला नाही.

धाकट्याची शंका खोटी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. दादाने नव्या फ्लॅटचा करार एकट्याच्या नावावर करून घ्यायची खटपट खरोखर चालवली होती. पण ती रोखायची जागा कुलूप नव्हती. इमारतीचं भांडण वेगळं आणि वाट्याचं भांडण वेगळं. जुना फ्लॅट पाडला म्हणून हिस्सा जात नाही. तो नव्या फ्लॅटवर, वाढीव जागेवर आणि मिळणाऱ्या रकमेवर जातो.

म्हणून मी अशा घरांना एकच कागद करायला लावतो. सगळ्या वारसांच्या सहीचं पत्र, सोसायटी आणि विकासक दोघांच्या नावे: आमचे आपसातले हक्क अबाधित ठेवून पुनर्विकासाला संमती देतो, नव्या फ्लॅटच्या करारात सगळ्यांची नावं घ्या, भाडं आणि इतर रक्कम सगळ्यांच्या संयुक्त खात्यात भरा. खात्यातून पैसे काढायला सगळ्यांच्या सह्या. हे पत्र विकास करार नोंदवण्याआधी गेलं पाहिजे. त्यानंतर वर्षभर भांडा, माझी हरकत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, आणि सोसायटी म्हणजे कोर्ट नव्हे

2019 च्या दुरुस्तीने आलेलं सहकार कायद्याचं कलम 154ब-13 नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व देतं, खरा वारस सभासद होईपर्यंतच. तोवर तो मत देऊ शकतो. पण वडिलांनी स्वतः कमावलेला फ्लॅट मृत्युपत्राविना मागे राहिला, तर हिंदू वारसा कायद्याने आई, मुलगे, मुली सगळ्यांना समान वाटा. बहिणीचं लग्न पन्नास वर्षांपूर्वी झालं असलं तरी.

सोसायटी मृत्युपत्र, कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र किंवा वारसांची आपसातली कौटुंबिक व्यवस्था बघून नाव चढवते. नॉमिनेशन नसेल तर फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत हरकती मागवते. ही वर्तमानपत्रं मुंबईची. बेळगावच्या शहापुरात बसलेल्या वारसाला ती दिसणार नाहीत. एकमत होत नसेल तर कमिटीने सरळ म्हणावं, कोर्टातून आणा. तोवर नवा फ्लॅट 'दिवंगत सभासदाचे वारस' म्हणून यादीत दाखवावा, आणि वाद कळल्यावर किल्ली कुणा एकाच्या हाती देऊ नये. कुणाचा वाटा किती, हे ठरवणं तिचं काम नाही. 'धाकटा सभांना येतो, म्हणून त्याचं खरं' असला न्याय करणाऱ्या कमिट्या मी पाहिल्या आहेत. त्यांना पुढे नोटिसा आल्या, आणि याव्यात.

बेळगावात नोटरी केलेलं हक्कसोडपत्र

ही माझी दुसरी डोकेदुखी. बहीण म्हणते, मला नको वाटा. लगेच कोर्टासमोरून कर्नाटकचा स्टँप पेपर आणतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि तो कागद मुंबईला धाडतात. सोसायटी फाईलला लावते, सगळे निश्चिंत. आणि नव्या फ्लॅटच्या करारावेळी विकासकाचा वकील विचारतो, नोंदणी कुठे आहे?

स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावाच लागतो, आणि मिळकत जिथे आहे तिथल्याच दुय्यम निबंधक कार्यालयात. मुलुंडच्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र बेळगावात नोंदत नाही. मुद्रांकही महाराष्ट्राचा लागतो. म्हाताऱ्या बहिणीला एवढा प्रवास झेपत नसेल तर मार्ग आहे: ती राहते तिथल्या दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून घ्यायचं, आणि मुखत्याराने मुंबईत जाऊन दस्त नोंदवायचा. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर व्हावा लागतो. घाईवाले हे सगळं टाळतात आणि 'घरचीच माणसं आहेत' म्हणतात. बहीण वारल्यावर तिची मुलंही घरचीच असतात, आणि तीच पहिली हरकत घेतात.

उरलेल्या, थोडक्यात

नाडकचेरीतून आणलेला वंशवृक्ष कन्नडमध्ये असतो, मुंबईच्या सेक्रेटरीला तो वाचता येत नाही. प्रमाणित भाषांतर जोडा, आणि बहिणींची नावं गाळून अर्ज करू नका. वंशवृक्षाने नातं कळतं, वाटा ठरत नाही.

वाटपाचा दावा फ्लॅट जिथे आहे तिथल्या कोर्टात लावा. गावची शेतीही त्याच वाटपात असेल तर बेळगावात लावता येतो, पण आधी वकिलाला सगळ्या मिळकतींची यादी दाखवा. फक्त फ्लॅटसाठी बेळगावात दावा लावणारा दोन तारखा खातो आणि परत मुंबईला जातो.

मूळ शेअर सर्टिफिकेट गावच्या कपाटात असेल तर शोधून ठेवा.

सोसायटीच्या वहीत वडिलांचा जुना पत्ता असतो. प्रत्येक वारसाने आपला पत्ता आणि फोन लेखी कळवावा, आणि पोच घ्यावी. सभेची नोटीस आलीच नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी ही पोच मागतो, आणि बहुतेकांकडे ती नसते.