मंगळाला किती दिवस लागतात? अंतराला वेगाने भागण्याआधी या चुका टाळा

‘मंगळावर 39 दिवसांत’ हा आकडा अधूनमधून कुठे ना कुठे दिसतोच. तो निघतो कसा, ते सोपं आहे. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातलं कमीत कमी अंतर घ्यायचं, साधारण 5.46 कोटी किमी. त्याला प्लूटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्स यानाच्या ताशी 58,000 किमी वेगाने भागायचं. उत्तर 941 तास, म्हणजे 39 दिवस. भागाकारात चूक नाही. चूक भागाकार करायला घेतला तिथेच आहे. पर्सिव्हिअरन्स रोव्हरला मंगळ गाठायला 203 दिवस लागले, आणि ते काही रमतगमत गेलं नव्हतं.

चूक पहिली: आजचं अंतर म्हणजे प्रवासाचं अंतर समजणं

पर्सिव्हिअरन्सचाच हिशेब पाहू. 30 जुलै 2020 ला ते निघालं, तेव्हा दोन ग्रहांमध्ये 10 कोटी किमीपेक्षा थोडं कमी अंतर होतं. 6 ऑक्टोबरला दोन्ही ग्रह एकमेकांच्या सर्वांत जवळ आले, अंतर 6.2 कोटी किमी. 18 फेब्रुवारी 2021 ला ते उतरलं, तेव्हा मंगळाहून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला 11 मिनिटं 22 सेकंद लागत होती. म्हणजे अंतर 20 कोटी किमीच्या वर गेलं होतं. आणि यानाने प्रत्यक्ष कापलेला रस्ता? सुमारे 47 कोटी किमी.

प्रवास एक आणि अंतरं चार. चारही खरी. पण 203 दिवसांशी नातं फक्त शेवटच्याचं. पहिली तीन अंतरं म्हणजे एका क्षणी दोन ग्रहांमध्ये ताणलेली सरळ रेषा आहे, आणि त्या रेषेवरून कुणीच जात नाही. अपवाद प्रकाशाचा. त्याचा प्रवास काही मिनिटांचा, तेवढ्यात ग्रह फारसे हलत नाहीत, म्हणून रेडिओ संदेशाला किती वेळ लागेल हे काढताना हा भागाकार चालतो. यानासाठी चालत नाही.

रस्ता एवढा लांब का, याचं कारण पृथ्वीच्या स्वतःच्या वेगात आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला जवळपास 30 किमी वेगाने धावते, आणि तिच्यावरून निघालेलं यान हा वेग घेऊनच बाहेर पडतं. मंगळाच्या दिशेने नाकासमोर सरळ जायचं, तर हा आडवा वेग आधी पूर्ण मारावा लागेल. एवढं इंधन कुठल्याच रॉकेटजवळ नसतं. मग शहाणपणा उलट्या बाजूने: आहे त्या वेगात त्याच दिशेने सेकंदाला साधारण 3 किमीची भर घालायची. यानाची सूर्याभोवतीची कक्षा तेवढ्याने ताणली जाते आणि तिचं दूरचं टोक मंगळाच्या कक्षेला टेकतं. याला होहमन कक्षा म्हणतात. अर्धी लंबवर्तुळाकार फेरी, सुमारे 259 दिवस, 58 ते 59 कोटी किमी. पर्सिव्हिअरन्सने थोडा जास्त जोर लावून यापेक्षा छोटा रस्ता धरला होता.

चूक दुसरी: ग्रह सर्वांत जवळ असताना निघणं

ही चूक जास्त फसवी, कारण ऐकायला ती अगदी शहाणपणाची वाटते. करूनच बघू. सोपं जावं म्हणून दोन्ही कक्षा गोल धरू. सूर्य, पृथ्वी, मंगळ एका रेषेत आहेत (याला प्रतियुती म्हणतात) आणि आपण त्याच दिवशी होहमन कक्षेने निघालो. 259 दिवसांनी यान सूर्याच्या पलीकडे, निघाल्या जागेपासून 180 अंशांवर पोचतं. मंगळाला एक फेरी घालायला 687 दिवस लागतात, म्हणून तेवढ्या काळात तो किती सरकला?

```
259 / 687 × 360 ≈ 136 अंश
```

यान 180 वर, मंगळ 136 वर. मंगळ अजून 44 अंश मागे आहे, आणि त्याच्या कक्षेवर 44 अंश म्हणजे 17 कोटी किमीहून जास्त. यान ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर, पण तिथे मंगळच नाही.

यातूनच बरोबर उत्तर मिळतं. निघताना मंगळ पृथ्वीच्या 44 अंश पुढे हवा. पृथ्वी आतल्या कक्षेत असल्याने वेगाने धावते, रोज साधारण 0.46 अंशाने त्याला गाठत जाते. ती त्याच्या बरोबरीला येईपर्यंत तीन महिने उलटतात. म्हणजे जवळिकीच्या दिवशी यान वाटेत असायला हवं, लाँचपॅडवर नाही. पर्सिव्हिअरन्सही 6 ऑक्टोबरला निघून 68 दिवस झालेलं होतं.

हा कोन दर 780 दिवसांनी, म्हणजे साधारण 26 महिन्यांनी परत जुळतो. त्याच्या आजूबाजूचे काही आठवडे, एवढीच संधी. इनसाइट मोहिमेच्या भूकंपमापकात गळती सापडली आणि मार्च 2016 चं उड्डाण हुकलं. उपकरण दुरुस्त झालं तरी ग्रहांची वाट पाहावीच लागली. ते निघालं मे 2018 मध्ये.

चूक तिसरी: वेग कशाच्या तुलनेत, हे न विचारणं

ताशी 58,000 किमी हा न्यू होरायझन्सचा पृथ्वीच्या तुलनेतला, निघतानाचा वेग. पृथ्वीच्या ओढीने तो लगेच घटू लागला. शिवाय ते यान पाचशे किलोंच्याही आत होतं आणि त्याला प्लूटोपाशी थांबायचं नव्हतं. मंगळावर उतरायचं असेल तर वाढवलेला प्रत्येक किमी वेग तिथे पोचल्यावर मारावाही लागतो.

सूर्याच्या तुलनेत पाहिलं की चित्र वेगळंच दिसतं. पर्सिव्हिअरन्सचे 47 कोटी किमी भागिले 203 दिवस, म्हणजे सरासरी सेकंदाला जवळपास 27 किमी. यातला बहुतेक वेग पृथ्वीने दिलेला. होहमन कक्षेत सूर्यापासून दूर जाताना यान मंदावत जातं आणि शेवटी सेकंदाला 21.5 किमीवर येतं. मंगळ मात्र 24 किमीने धावत असतो. म्हणजे यान मंगळाला गाठत नाही, मंगळच मागून येऊन यानाला गाठतो! पहिल्यांदा ऐकलं की खोटंच वाटतं.

चूक चौथी: प्रत्येक संधी सारखी मानणं

मंगळाची कक्षा बरीच लांबट आहे. ऑगस्ट 2003 मध्ये तो 5.58 कोटी किमीवर आला होता, मार्च 2012 मध्ये सर्वांत जवळ असूनही 10 कोटींच्या पलीकडेच राहिला. म्हणून लागणारं इंधन आणि दिवस दर खेपेला बदलतात. मंगळयान 1 डिसेंबर 2013 ला पृथ्वीची कक्षा सोडून 24 सप्टेंबर 2014 ला पोचलं. ते 297 दिवस पाहून कुणी त्याला ‘हळू’ म्हणालं, तर ते पहिल्याच चुकीचं भावंड.

गणित कुठे बिघडलं, हे कसं ओळखायचं

आकडेमोडीत दोन ग्रहांमधला कोन कुठेच आला नसेल, तर उत्तर कसंही येवो, सोडून द्या. एखाद्या तारखेचं अंतर हवं असेल तर नासाच्या Horizons या सुविधेत निरीक्षणस्थान पृथ्वीचं केंद्र आणि लक्ष्य मंगळ ठेवा. `delta` हे त्या क्षणाचं अंतर, `deldot` हा ते बदलण्याचा वेग. `deldot` उणे असेल तर ग्रह जवळ येताहेत, शून्य ओलांडून अधिक झाला की दूर जाऊ लागले. त्या `delta` ला प्रवासाचा रस्ता मात्र समजू नका.

परतीचं गणित करणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. 259 च्या दुप्पट करून 518 दिवस धरू नका. मंगळावर पोचता तेव्हा पृथ्वी 75 अंश पुढे निघून गेलेली असते, आणि परत निघायला ती 75 अंश मागे हवी. ती फिरून तिथे येईपर्यंत सुमारे 455 दिवस मंगळावरच काढावे लागतात. जाऊन येऊन एकूण 970 च्या आसपास.